सतरा गुण आणि एक अस्वस्थता

बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका मुलीची ही गोष्ट. मुलगी कल्पित आहे, पण तिच्यासारख्या मुली वर्गावर्गांत भेटतात. तिची कॉस्ट अकाउंटिंगची अंतर्गत चाचणी गूगल फॉर्मवर होती. वीस बहुपर्यायी प्रश्न, वेळ अर्धा तास. शेवटची दहा मिनिटं उरली तेव्हा तिचे आठ प्रश्न बाकी होते. तिनं मैत्रिणीला व्हॉट्सअ‍ॅप केलं आणि मिनिटाभरात वीसच्या वीस उत्तरांची यादी आली. वेळ वाचावा म्हणून तिनं स्वतःची आधीची उत्तरंही त्या यादीशी जुळवून घेतली.

त्यात एक प्रश्न असा होता : स्थिर खर्च 60,000 रुपये, एका नगाची विक्री किंमत 50 रुपये आणि त्यावरचा बदलता खर्च 30 रुपये, तर ना नफा ना तोटा किती नगांवर? तिनं स्वतः 3,000 हे उत्तर निवडलं होतं. यादीत 1,200 होतं. मैत्रीण हुशार, तिचंच बरोबर असणार, असं समजून तिनं 3,000 बदलून 1,200 केलं. खरं तर तीच बरोबर होती. एका नगामागे 50 वजा 30, म्हणजे 20 रुपये उरतात. 60,000 ला 20 नं भागायचं. मैत्रिणीनं घाईत सरळ 50 नं भागलं होतं.

निकाल लागला. दोघींना वीसपैकी सतरा, आणि चुकलेले तिन्ही प्रश्न तेच, चुकीचे पर्यायही तेच. कॉपी शोधणारे शिक्षक याच गोष्टीकडे पाहतात. बरोबर उत्तरं जुळली तर त्यावरून काही ठरत नाही, कारण अभ्यास केलेले सगळे तिथंच पोचतात. चुकीचा पर्याय जुळणं जास्त बोलकं असतं. चार पर्यायांत तीन चुकीचे. ते तिन्ही सारखेच मोहात पाडणारे असतील, तर चुकलेल्या दोघींचा पर्याय योगायोगानं एकच निघण्याची शक्यता तीनात एक. तीन प्रश्नांत सलग तसंच व्हायची शक्यता सत्तावीसात एक.

पण पर्याय सारखे मोहक नसतात. 1,200 हा तर नेहमीच्या चुकीसाठी मुद्दाम ठेवलेला सापळा असतो, आणि वर्गातले कितीतरी जण त्यात स्वतंत्रपणे अडकतात. त्यामुळे तीन जुळलेल्या चुकांवरून कुणावर आरोप करणं अन्यायाचं ठरेल. शिक्षकांनी काही विचारलं नाही.

पकडलं जाण्याची भीती संपली, तरी तिला चैन पडेना. का, ते समजून घेण्यासारखं आहे. ‘मी प्रामाणिक आहे’ आणि ‘मी उत्तरं मागवली’ ही दोन वाक्यं एकाच मनात सुखानं नांदत नाहीत. लिऑन फेस्टिंगर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं 1957 साली या ताणाचा सिद्धान्त मांडला. झालेली कृती पुसता येत नाही, म्हणून माणूस बहुधा मत बदलतो आणि ताण हलका करतो. जडसन मिल्स यांनी 1958 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात शाळकरी मुलांची फसवणुकीबद्दलची मतं आधी नोंदवली, मग बक्षिसाची स्पर्धा घेऊन त्यांना फसवणुकीची संधी दिली. नंतर पुन्हा मतं विचारली, तेव्हा फसवणूक केलेल्या मुलांचा कल ती चालवून घेण्याकडे झुकला होता, आणि मोह टाळलेल्यांचा तिला अधिक वाईट ठरवण्याकडे.

म्हणजे ही अस्वस्थता फार टिकत नाही. ‘सगळेच करतात’, ‘अंतर्गत गुणांना कोण विचारतं’ ही वाक्यं सुचू लागली, की ती विरतेय असं समजावं.

ती आहे तोवर करण्याजोगं काम साधं आहे. फोन बाजूला ठेवून तेच वीस प्रश्न कागदावर पुन्हा सोडवायचे आणि जिथं हात अडतो तिथं खूण करायची. चाचणीचा खरा फायदा तिथंच मिळतो. रोडिगर आणि कार्पिक यांच्या 2006 सालच्या प्रयोगात मजकूर फक्त पुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा तो न बघता आठवून लिहिणाऱ्यांच्या आठवड्यानंतर जास्त लक्षात राहिला. पाच मिनिटांनी पाहिलं तेव्हा मात्र वाचणारे पुढे होते. यादीवरून टिचक्या मारताना आठवण्याचं ते कामच घडत नाही. त्यानंतर शिक्षकांना खरं सांगितलं, तर गुण जातीलही. पण कोणते प्रश्न आपले होते हे त्यांना कळतं आणि शिकवणं तिथून सुरू होऊ शकतं.

मैत्रिणीचाही यात तोटा आहे. तिचं उत्तर पडताळून न पाहता उचललं गेलं, त्यामुळे 50 नं भागणं चूक आहे हे तिला सांगणारं कुणी उरलं नाही. दोघी शेजारी बसून तो प्रश्न बोलत सोडवत्या, तर आपलं 3,000 कसं आलं ते हिनं सांगितलं असतं आणि सत्रपरीक्षेआधी मैत्रिणीची ती चूक सुटली असती.