सहा आकड्यांपुढचा बेदाणा

हॅम्बुर्गहून आलेल्या मेलमध्ये मजकूर दोनच ओळींचा होता. खाली एका स्क्रीनचा फोटो जोडलेला, त्यावर एका ओळीभोवती लाल चौकट: 0806 20 10 आणि त्यापुढे `Korinthen`. ग्राहकाने इंग्रजीत विचारलं होतं, 'तुमच्या इनव्हॉइसवरचा कोड आमच्या पोर्टलवर टाकला तर हे दिसतं. तुम्ही नक्की काय पाठवताय?'

तासगावच्या त्या व्यापाऱ्याला प्रश्नच कळेना. नमुना पाठवून झाला होता, ग्राहकाने तो पसंत केला होता, वीस टनांचा एक कंटेनर ठरला होता. माल शीतगृहात पडून होता. चाळून, निवडून, साडेबारा किलोच्या पेट्यांत भरायचं तेवढं बाकी होतं. बेदाणाच पाठवतोय, दुसरं काय पाठवणार?

त्याने जुनी शिपिंग बिलं काढली. दुबईला गेलेल्या मालाच्या प्रत्येक बिलावर तोच आकडा होता, 08062010, आणि समोर स्पष्ट 'रेझिन्स', म्हणजे बेदाणे. मग त्याने `Korinthen` शोधलं. इंग्रजीत त्याला `Currants` म्हणतात, आणि फोटोत दिसले बारीक, काळेभोर, मिरीपेक्षा जरा मोठे असे दाणे. त्याच्या शेडमधला माल लांबट, हिरवट-पिवळा. आपल्या हातून आकडा चुकला की काय, या शंकेने त्याने न्हावा शेवा बंदरावरच्या आपल्या सीएचएला, म्हणजे कस्टमची कागदपत्रं करणाऱ्या एजंटला, फोन लावला.

"साहेब, कोड चुकलाय बघा आपला. तिकडं भलताच माल दाखवतंय. ते म्हणतात 0806 20 30 असला पाहिजे. शिपिंग बिलात तेवढा बदलून टाका की."

"शेठ, तसला कोड आपल्याकडे नाहीच. सिस्टीम घेणारच नाही. आपल्याकडे 0806 20 च्या पुढे दोनच घरं. 10 म्हणजे बेदाणा, 90 म्हणजे बाकीचं."

"मग त्यांचा चुकलाय?"

"त्यांचाही नाही."

दोघेही बरोबर कसे, हे कळायला तो आकडा डावीकडून वाचत जावं लागतं. जगातल्या बहुतेक देशांचं कस्टम खातं मालाची ओळख एकाच यादीवरून पटवतं. ब्रुसेल्सच्या जागतिक सीमाशुल्क संघटनेची ही यादी १९८८ साली अमलात आली. तिला हार्मोनाइज्ड सिस्टीम म्हणतात, आणि 'एचएस कोड' हा शब्द तिथूनच आला. पहिले दोन आकडे प्रकरणाचे. 08 म्हणजे फळं आणि सुकामेवा. पुढचे दोन मिळून 0806 झाले की द्राक्षं. आणखी दोन, 0806 20, म्हणजे वाळवलेली द्राक्षं. इथवर तासगाव, दुबई आणि हॅम्बुर्ग यांचं एकमत आहे.

सहाव्या आकड्यानंतर मात्र प्रत्येक देश आपल्या सोयीने घरं पाडतो. भारताने दोन आकडे जोडून आठ केले. युरोपीय संघानेही आठ केले आणि आयातीच्या नियमांसाठी आणखी दोन जोडून दहा. जोडताना कुणी कुणाला विचारत नाही, विचारायचं बंधनही नाही. भारताच्या दृष्टीने वाळवलेली द्राक्षं म्हणजे मुख्यतः बेदाणा, म्हणून पहिलं घर 10 बेदाण्याला गेलं. युरोपचं गणित निराळं. ग्रीसच्या पेलोपोनीस भागात काळ्या, बिनबियांच्या बारीक द्राक्षांची एक जात पिकते. तिला कोरिंथ शहराचं नाव पडलं आणि एकोणिसाव्या शतकात तिचा वाळवलेला माल ग्रीसच्या निर्यातीचा कणा होता. युरोपने या मालाला स्वतंत्र घर दिलं, 0806 20 10. पुढचं घर 0806 20 30 सुलतानाला आणि 0806 20 90 बाकीच्यांना. तोच आठ आकडी कोड, तोच क्रम, आणि आत राहणारा माल वेगळा.

एखादा कोड परदेशी पोर्टलवर सापडलाच नाही तर माणूस सावध तरी होतो. इथे तो सापडतो, द्राक्षाच्याच पानावर सापडतो, फक्त शेजारच्या घरात. मेल पाठवणाऱ्या ग्राहकाचं म्हणूनच कौतुक वाटतं. त्याच्या जागी घाईतला कारकून असता तर इनव्हॉइसवरचा आकडा जसाच्या तसा आयातीच्या घोषणापत्रात उतरवला असता. मग कागदावर काळा कोरिंथ आणि कंटेनरमध्ये हिरवट बेदाणा. तपासणीत कंटेनर उघडला तर माल आणि कागद जुळत नाहीत एवढं कारण तो अडवायला पुरतं. दुरुस्ती होईपर्यंत कंटेनरचं भाडं आणि बंदरावरच्या जागेचं भाडं दिवसागणिक चढत राहतं.

शिपिंग बिलातला कोड बदलायची कल्पनाही तितकीच महाग पडली असती. 0806 20 30 भारतीय सिस्टीमने घेतलाच नसता, पण ग्राहकाच्या समाधानासाठी कुणी 'बाकीचं' म्हणून 90 घातला असता, तर ते इथल्या कस्टमपुढे चुकीचं वर्णन झालं असतं. शिवाय निर्यातीवर परत मिळणारा कराचा भाग, म्हणजे रोडटेप, याच आठ आकडी भारतीय कोडाला बांधलेला असतो. भारतातून माल बाहेर काढताना भारताचाच कोड, यात तडजोड नाही.

मग परदेशी स्क्रीन वाचायची कशी? युरोपीय संघाचं `Access2Markets` हे पोर्टल फुकट आहे आणि इंग्रजीतही चालतं. माल कुठून येतो, कुठे जातो आणि त्याचा कोड काय, एवढंच ते विचारतं. आपल्या व्यापाऱ्याने रात्री बसून ते उघडलं आणि सवयीने आठही आकडे टाकले. पुन्हा `Currants`. मग सीएचएने सांगितल्याप्रमाणे शेवटचे दोन खोडून फक्त 080620 टाकलं, तेव्हा तिन्ही घरं एकाखाली एक दिसली. यादीतून आपलं घर निवडायचं ते असं, सहा आकड्यांपाशी उभं राहून.

शुल्काच्या रकान्यात त्याला आणखी एक ठेच लागली. `Third country duty` 2.4 टक्के असं तिथे होतं. तिसरा देश कोण? माल भारताचा, ग्राहक जर्मनीचा, मध्ये कुणी आणलाय? तिकडच्या कस्टमच्या बोलीत युरोपीय संघाबाहेरचा कुठलाही देश 'तिसरा' असतो. भारत तिसरा, तुर्कस्तान तिसरा, अमेरिकाही तिसरीच. खास सवलतीचा करार लागू नसेल तर जो दर पडतो, तो हा.

गंमत म्हणजे कोरिंथ असो की सुलताना, हा सर्वसाधारण दर सारखाच आहे. समजा माल पोहोचताना किलोला दोन युरो पडला, तर वीस टनांची किंमत चाळीस हजार युरो आणि शुल्क ९६० युरो. घर कुठलंही निवडलं तरी तेवढंच. शिवाय ते भरणार ग्राहक, कारण सौदा न्हावा शेव्यापर्यंतच्या भावाचा होता. व्यापारी म्हणाला, मग एवढा घोळ कशाला? तर शुल्क हा त्या घराचा एकच उपयोग. तपासणी कशाची करायची, आकडेवारीत काय मोजायचं, उद्या एखादी सवलत किंवा निर्बंध आला तर तो कुणाला लावायचा, हे सगळं त्याच आकड्यावरून ठरतं.

आता खरा प्रश्न उरला. तासगावचा बेदाणा सुलताना की 'बाकीचं'? हे तासगावात ठरत नाही. तिकडे कोड निवडायची जबाबदारी घोषणापत्र भरणाऱ्याची, म्हणजे आयातदाराची किंवा त्याच्या एजंटची. शंका असेल तर आयातदार तिकडच्या कस्टमकडून आधीच लेखी निर्णय मागू शकतो, आणि तो तीन वर्षं चालतो. निर्यातदाराने द्यायचं ते वर्णन. आमच्या बहुतेक इनव्हॉइसवर 'इंडियन रेझिन्स, ए-वन क्वालिटी' एवढंच लिहिलेलं असतं. ए-वन म्हणजे काय, हे कुठल्याही कस्टम अधिकाऱ्याला कळत नाही.

या व्यापाऱ्याने मात्र शेडवर जाऊन जे घडतं ते इंग्रजीत लिहून काढलं. द्राक्ष थॉम्पसन सीडलेस, बिनबियांचं. पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवून घेतलेलं. जाळीच्या रॅकवर, सावलीत वाळवलेलं. गंधकाची धुरी दिली की नाही, हेही. पेटी साडेबारा किलोची. यातली पहिली ओळच निर्णायक ठरली, कारण तुर्कस्तानात सुलताना म्हणून वाळवलं जाणारं द्राक्ष आणि आपलं थॉम्पसन सीडलेस ही एकच जात. ग्राहकाच्या एजंटने 0806 20 30 निवडला आणि तसं कळवलं.

कागद मग असे झाले. शिपिंग बिलात 08062010, जसा होता तसा. ग्राहकाच्या इनव्हॉइसवर सविस्तर वर्णन आणि त्यापुढे फक्त सहा आकडे, 0806 20. बोटीच्या कंपनीला दिलेल्या सूचनांतही तेच सहा. युरोपला जाणाऱ्या कंटेनरची माहिती आता बोटीवर चढण्याआधीच तिकडच्या कस्टमला द्यावी लागते, आणि त्यात निदान सहा आकडी कोड आणि मालाचं नेमकं वर्णन लागतं. तिथे 'फूडस्टफ' असं मोघम लिहिलं तर चालत नाही.

गंधकाची ओळ वाचून ग्राहकाचा पुढचा मेल आलाच. धुरीच्या मालात सल्फर डायऑक्साइड किती, अहवाल पाठवा. युरोपात वाळवलेल्या द्राक्षासाठी मर्यादा किलोला २,००० मिलिग्रॅम आहे. पिवळाधमक रंग आवडतो म्हणून सढळ हाताने धुरी देणाऱ्यांना ही ओळ कोडाच्या घोळापेक्षा जास्त जड जाते. याच्या मालाला धुरी बेताचीच होती, तरी नमुना प्रयोगशाळेत गेला, आणि अहवाल येईपर्यंत पेट्या भरायचं काम थांबलं.

त्या आठवड्यात सांगलीच्या हळदवाल्या मित्राचा फोन आला. त्याने हळद पावडरीचा भारतीय कोड 09103030 त्याच पोर्टलवर टाकला होता आणि काहीच सापडलं नव्हतं. तो घाबरला होता, युरोपने हळद बंद केली की काय म्हणून. याने त्याला शेवटचे दोन आकडे खोडायला सांगितलं. स्क्रीनवर एकच घर उघडलं, 0910 30 00. अख्खी, वाळलेली, दळलेली, सगळी हळद एकाच घरात, आणि शुल्क शून्य.

"एवढं सोपं?" मित्र म्हणाला.

"कोड सोपाय रं. आता पावडरीत काय काय हाय ते विचारतील, ते लिहून ठेव."