स्वभाव की सध्याची अवस्था?

समजा, 24 वर्षांची एक मुलगी झोपेच्या गोळ्या जास्त घेतल्यामुळे रुग्णालयात आली आहे. साखरपुडा मोडून 3 आठवडे झालेत. झोप नाही, सतत रडणं, घरच्यांवर संताप. केसपेपरवर कुणीतरी घाईत ‘बॉर्डरलाइन?’ लिहून ठेवलंय. पुढे प्रश्नचिन्ह गळतं आणि शिक्का तेवढा उरतो, हे नेहमीचंच.

मुरलेले मानसोपचारतज्ज्ञ आधी जिवाला असलेला धोका तपासतात. मग ‘तुझा स्वभाव कसा?’ असं थेट विचारत नाहीत. नैराश्यातलं माणूस ‘मी पहिल्यापासून अशीच’ म्हणतं, कारण आजार भूतकाळही काळवंडून टाकतो. ते प्रसंग विचारतात: दहावीत मैत्रिणीशी बिनसलं तेव्हा काय केलंस? पहिली नोकरी का सोडलीस? मन ठीक होतं त्या काळातही असंच व्हायचं का?

मुलीच्या संमतीने हेच मोठ्या बहिणीलाही वेगळं बसवून विचारतात. बहीण सांगते, ‘शांत होती हो ही, दिवाळीनंतर बदलली.’ आयसीडी-11 नुसार हा त्रास साधारण 2 वर्षं किंवा जास्त काळ, निरनिराळ्या नात्यांत आणि प्रसंगांत दिसायला हवा. इथे तसा पुरावा नाही. अर्थात बहिणीला सगळंच ठाऊक असेल असंही नाही.

म्हणून अहवालात ‘भांडखोर’ हे विशेषण नको. घडलेला प्रसंग आणि तो कुणी सांगितला, हे हवं. शेवटची नोंद अशी: ‘सध्या नैराश्य. व्यक्तिमत्त्वविकाराचं निदान राखून ठेवलं आहे. नैराश्य ओसरल्यावर पुन्हा मुलाखत.’