दोन शब्द

“आतां आपल्यापैकीं कोणी तरी दोन शब्द बोलावे,” असें अध्यक्ष म्हणाले कीं, वर्गांत ज्यांची जीभ क्षणभरही थांबत नाहीं असे विद्यार्थी एकाएकीं जमिनीकडे पाहूं लागतात. त्यांस कांहीं ठाऊक नसतें असें नाहीं. आरंभ कोठें करावा आणि थांबावें कोठें, एवढेंच सुचत नाहीं. कित्येकांस तर ठाऊक असतें फार, आणि तीच त्यांची अडचण होते.

अशा एका मुलाची हकीकत आम्हांस आठवते. परगांवच्या एका शाळेचीं मुलें आमच्या शहरीं आलीं होतीं, व आम्ही त्यांस पाणचक्की दाखवावयास नेलें. जवळपास नदी किंवा धबधबा कांहीं न दिसतां हें पाणी उंचावरून कसें पडतें, असें त्यांतील एका मुलीनें विचारलें. आम्हीं आमच्या एका हुशार विद्यार्थ्यास पुढें केलें. त्यानें देवगिरीच्या यादवांपासून प्रारंभ केला. खिलजी झाले, तुघलक झाले, निजामशाही आली; इतक्यांत पाहुण्यांच्या गाडीचा कर्णा वाजला. चक्कीपर्यंत तो पोहोंचलाच नाहीं, आणि ती मुलगी आपला प्रश्न तसाच घेऊन परत गेली. दोष मुलाचा थोडा, आमचा अधिक. कसें बोलावें हें आम्हीं त्यास कधीं शिकविलेंच नव्हतें.

दुसऱ्या दिवशीं तेंच भाषण आम्हीं वर्गांत पुनः रचिलें. युक्ति व्याकरणाच्या पहिल्या धड्यांतील आहे: भूतकाळ, वर्तमानकाळ, भविष्यकाळ. पूर्वीं काय होतें, आज काय आहे, पुढें काय व्हावें. प्रत्येकास दोन-तीन वाक्यें, म्हणजे सारें मिळून दोन मिनिटें. आपल्या मराठींत ‘होतें’, ‘आहे’, ‘व्हावें’ हीं क्रियापदें वाक्याच्या शेवटीं येतात. म्हणून वक्ता एका भागांतून दुसऱ्यांत शिरला, हें श्रोत्यांस न सांगतां कळतें. ‘आतां मी दुसऱ्या मुद्द्याकडे वळतों’ असें म्हणण्याची गरज पडत नाहीं.

त्या मुलानें नवें भाषण केलें तें सुमारें असें: “मलिक अंबरानें १६१० मध्यें येथें खडकी हें नगर वसविलें आणि जमिनीखालून नहर बांधून डोंगरांकडील पाणी गांवांत आणिलें. पुढें याच रीतीनें या दर्ग्यासाठींही नहर आली. तिचें पाणी उगमाशीं उंचावर असल्यामुळें बंद नळांतून येतांना त्याच्या दाबानेंच या भिंतीवर चढत होतें, आणि वरून पडून चक्कीचें चाक फिरवीत होतें. त्या पिठावर फकिरांचें व यात्रेकरूंचें पोट भरत होतें. आज आपलें शहर जायकवाडीच्या धरणाचें पाणी पितें, आणि ही चक्की आपण केवळ पाहावयास येतों. पुढें घरें बांधतांना या नहरींवर पाया खणला जाऊं नये, एवढें आपण पाहावें.” मुलीच्या प्रश्नाचें उत्तर यांत आलें. यादव मात्र गेले, व त्यांचें कोणास वाईट वाटलें नाहीं.

येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. जागेवरून उठून पुढें जाईपर्यंत जे दहा-पंधरा क्षण मिळतात, त्यांत पहिलें वाक्य शोधूं नये, शेवटचें शोधावें. वरील भाषणांत नहरींचें वाक्य आधीं ठरलें, आणि मग भूतकाळांतून काय घ्यावयाचें तें आपोआप ठरलें: जें नहरीशीं जुळतें तेवढेंच.

बिघाड बहुधा भूतकाळांतच होतो, कारण तो गोड असतो व संपत नाहीं. ‘त्यानंतर’ हा शब्द आपल्या तोंडून तिसऱ्यांदा निघाला कीं, आपण वाट चुकलों असें समजावें, आणि वाक्य पुरें करून सरळ ‘आज’ या शब्दावर यावें. मधलें गाळलेलें श्रोत्यांस कळतही नाहीं. भविष्याचा दोष निराळा. तेथें वक्ता उपदेश करूं लागतो आणि ‘सर्वांनीं झटलें पाहिजे’ अशीं वाक्यें येतात, जीं कोणत्याही सभेंत चालतील. जें वाक्य दुसऱ्या सभेंतही चालेल, तें या सभेंत टाकून द्यावें.

ही रीत सर्वत्र मात्र लागू पडत नाहीं. वादसभेंत मत विचारलें असतां आधीं मत व मग कारण द्यावें. तेथें इतिहास सांगत बसणें म्हणजे उत्तर टाळणें होय. शोकसभेंतही तिसरा भाग जपून वापरावा. ज्यांच्या घरचें माणूस गेलें, त्यांस पुढचें कांहीं ऐकावयाचें नसतें. गेलेल्याची स्वतः पाहिलेली एक गोष्ट सांगावी, आणि खालीं बसावें.