गेलेले खाते आणि खिशातले सिमकार्ड

पारशिवनीसारख्या तालुक्याच्या गावी, जेथे शाळेची सूचना, धानखरेदीची तारीख आणि नातलगाच्या तेरवीचा निरोप ही सारी एकाच व्हॉट्सअॅपवरून फिरतात, तेथे कुणाचे खाते परक्याच्या कब्जात गेले की फोन हॅक झाल्याची वार्ता दिवस मावळायच्या आत बाजारात पोहोचते, आणि तिच्या मागोमाग सल्ल्यांचा ओघ सुरू होतो: सिम मोडून टाका, नवा नंबर घ्या, फोन फॉरमॅट करा. हे सल्ले सद्भावनेने दिले जातात, यात मला संशय नाही. तथापि त्यांतला पहिला सल्ला गेलेले खाते परत मिळवण्याचे मुख्य साधनच नष्ट करतो, आणि म्हणूनच या प्रकरणाची वस्तुस्थिती जरा सविस्तर सांगणे मला अगत्याचे वाटते.

चोर आपल्या फोनमध्ये शिरला, हा समज बहुतेक वेळा निराधार असतो. कोणीही इसम स्वतःच्या फोनवर व्हॉट्सअॅप उतरवून त्यात आपला नंबर टाइप करू शकतो; तसे केल्यावर कंपनीकडून सहा अंकी कोड एसएमएसने येतो, पण तो येतो आपल्या सिमवर, आणि तो कोड ज्याच्या फोनमध्ये भरला जाईल तो त्या खात्याचा धारक ठरतो. चोराला आपला फोन नको, पासवर्ड नको, व्हायरसही नको. त्याला हवे असतात ते केवळ हे सहा आकडे, आणि ते आपल्याच हातून मिळावेत अशी त्याची तजवीज असते.

समजा, तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेतील एका शिक्षिकेला रविवारी सायंकाळी सहकारी बाईंचा निरोप येतो, ‘मॅडम, चुकून माझा कोड तुमच्या नंबरवर गेला, जरा पाठवता का, अर्जंट आहे.’ क्षणापूर्वीच एसएमएस वाजलेला असतो. कोड कुणालाही देऊ नका अशी ताकीद त्यातच लिहिलेली असते, परंतु सहकारी बाईंचे नाव, छायाचित्र आणि जुने संभाषण डोळ्यांसमोर असल्यामुळे ती ओळ वाचण्याची गरजच भासत नाही. सहकारी बाईंचे खाते दुपारीच गेलेले असते आणि निरोप चोराचा असतो. आकडे पाठवताच थोड्याच वेळात शिक्षिकेच्या फोनवरील व्हॉट्सअॅप बंद पडते, हा नंबर दुसऱ्या फोनवर नोंदवला गेल्याची सूचना दिसते, आणि पालकांच्या गटात तिच्या नावाने मजकूर पडतो: दवाखान्यात आहे, दहा हजार पाठवा, उद्या परत करते. ही फसवणूक अज्ञानावर उभी नसून परिचयावर उभी आहे, म्हणून ती शिकल्यासवरल्यांनाही गाठते. केवळ अडाणी माणसांवरच असा प्रसंग ओढवतो, हाही समज सोडून द्यावा. 11 ऑगस्ट 2024 रोजी खासदार सुप्रिया सुळे यांनीच आपला फोन व व्हॉट्सअॅप हॅक झाल्याचे जाहीर करून, फोन वा संदेश करू नका असे लोकांना कळवले होते आणि पोलिसांकडे धाव घेतली होती.

आता उपायाकडे वळू. सातबाऱ्यावर नाव आपले असताना शेतात परका नांगर घालून बसावा, तशी ही स्थिती आहे; नंबर आपल्या नावावर आहे, सिम आपल्या खिशात आहे, आणि कोड यापुढेही त्याच सिमवर येणार आहे. म्हणून सिम मोडू नये, आणि अॅपही काढून टाकू नये, कारण जुने संभाषण फोनमध्येच साठवलेले असते. त्याच फोनवर व्हॉट्सअॅप उघडून आपला नंबर पुन्हा भरावा, एसएमएसने येणारा नवा कोड टाकावा. तो स्वीकारला गेला की चोर त्या खात्यातून आपोआप बाहेर फेकला जातो. कधी कधी कोड येण्याऐवजी पडद्यावर काही तासांची मुदत दिसते, कारण वारंवार कोड मागितल्यावर किंवा चुकीचे आकडे भरल्यावर कंपनी काही काळ नवा कोड देत नाही, आणि चोर हे मुद्दाम घडवून आणू शकतो. अशा वेळी अंदाजाने आकडे भरत बसू नये. त्याने मुदत लांबते. ती संपेपर्यंत स्वस्थ राहावे, आणि तेवढ्या वेळात गटांच्या अॅडमिनना साधा फोन करून आपला नंबर गटातून काढायला लावावा.

कोड टाकल्यावर सहा अंकी पिन मागितला गेला आणि तो आपण कधी ठेवलेलाच नव्हता, की माणूस खचतो व खाते कायमचे गेले असे धरून चालतो. वस्तुतः तो पिन चोराने मध्यंतरी लावलेला असतो. पिन ठाऊक नसेल तर सात दिवस थांबावे लागते आणि त्यानंतर पिनशिवाय प्रवेश मिळतो. मात्र चोर हे सात दिवस आत बसून राहत नाही; एसएमएसचा कोड आपण भरला त्याच क्षणी त्याची हकालपट्टी झालेली असते. हे ठाऊक असलेला माणूस तो आठवडा निश्चिंतपणे काढू शकतो.

चोराने आपले सारे जुने संभाषण वाचले, ही भीती विशेषतः स्त्रियांना फार छळते. कोड वापरून दुसऱ्या फोनवर खाते उघडल्याने जुने संदेश तेथे जात नाहीत. ते आपल्या फोनवर आणि ठेवला असल्यास आपल्या गूगल वा आयक्लाउडच्या बॅकअपमध्ये असतात, व बॅकअपला वेगळा पासवर्ड लागतो. चोराला दिसतात ते आपले गट आणि त्याच्या कब्जाच्या काळात आलेले नवे संदेश.

दुसरी एक वाट अधिक गुप्त आहे. आठ अक्षरांचा एक कोड आपल्याच व्हॉट्सअॅपमध्ये भरायला लावून चोर स्वतःचा संगणक आपल्या खात्याला जोडून घेतो. आपले अॅप नेहमीसारखे चालू राहते, आणि येथे मात्र संभाषणही त्याच्या पुढ्यात जाते. याची पारख ‘लिंक्ड डिव्हाइसेस’ या यादीत होते; तेथे अनोळखी यंत्र दिसले की त्यावर बोट ठेवून लॉग आउट करावे. तसेच कुरिअरच्या वा कंपनीच्या नावाने फोन करून एखादा क्रमांक दाबायला सांगितला असेल, तर आपले फोन दुसरीकडे वळवले गेले असण्याचा संभव असतो, आणि व्हॉट्सअॅपचा कोड एसएमएसऐवजी बोलून सांगणारा फोन मग चोरालाच लागतो. ##002# दाबून असे सर्व वळवणे रद्द करता येते. याच कारणास्तव दूरसंचार विभागाने *401# ने होणारी ही सोय 15 एप्रिल 2024 पासून स्थगित करण्याचा हुकूम काढला होता.

खाते परत आले की पैशाचे प्रकरणही मिटले, असे मात्र नाही. ज्या पालकाने दहा हजार पाठवले त्याने स्वतः 1930 या क्रमांकावर तत्काळ कळवावे, कारण रक्कम पुढच्या खात्यांत पांगण्यापूर्वी रोखून धरण्याची संधी पहिल्या काही तासांतच असते; फिर्याद cybercrime.gov.in वर किंवा पारशिवनीच्या ठाण्यातही देता येते. सोबत यूपीआयचा व्यवहार क्रमांक आणि त्या संदेशाचे छायाचित्र ठेवावे, आणि ते छायाचित्र संदेश पुसण्यापूर्वी घ्यावे. शिक्षिकेनेही वेगळी तक्रार नोंदवावी. दुसऱ्याच्या ओळखीचा अप्रामाणिक वापर हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 66 क खाली, आणि तोतयेगिरीने फसवणे हा 66 ड खाली, तीन वर्षांपर्यंत कैदेस पात्र असा अपराध आहे, आणि उद्या कोणी तिच्याकडे पैसे मागत आला तर त्या तक्रारीची पोच हाच तिचा दस्तऐवज ठरतो. मग सेटिंग्जमध्ये जाऊन टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करावे, स्वतःचा पिन ठेवावा, आणि त्याच ठिकाणी आपला ईमेलही नोंदवावा, म्हणजे पिन विसरल्यास तो सात दिवस न थांबता बदलता येतो.