स्टोरी चोवीस तासांची, ऑफर पंचेचाळीस दिवसांची

ब्लो ड्राय संपतो, गळ्याभोवतीचा एप्रन सुटतो आणि खुर्चीतली बाई आरशात एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे मान वळवून स्वतःला बघते. मग हात आपोआप पर्सकडे जातो. फोन निघतो, फोटो निघतो आणि घरी पोचायच्या आत तो तिच्या इन्स्टाग्राम स्टोरीवर किंवा व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसवर लागलेला असतो. संध्याकाळपर्यंत दोन-तीन मैत्रिणींचं उत्तर येतं : ‘अगं, मस्त! कुठे केलंस?’

सलूनला नवी गिऱ्हाईक मिळण्याची खरी जागा या प्रश्नात आहे. बहुतेक वेळा मात्र तो तिथेच विरतो. ती पार्लरचं नाव सांगते, मैत्रीण ‘जायला पाहिजे एकदा’ म्हणते आणि दुसऱ्या दिवशी स्टोरीही नाहीशी होते. या प्रश्नापासून खुर्चीपर्यंत मैत्रिणीला आणणारी रेफरल ऑफर कशी बांधायची, ते एका उदाहरणातून पाहू. सांगलीच्या विश्रामबागेत तीन खुर्च्यांचं एक लेडीज पार्लर आहे असं धरू. मालकीणबाई स्वतः कट करतात, हाताखाली दोन मुली आहेत. शनिवार-रविवारी बसायला जागा नसते, मंगळवार ते गुरुवार दुपारी बारा ते चार खुर्च्या रिकाम्या असतात.

पहिली अडचण वेळेची आहे. इन्स्टाग्रामची स्टोरी काय किंवा व्हॉट्सअ‍ॅपचं स्टेटस काय, दोन्ही २४ तासांत उतरतात. केस कापायची गरज मात्र माणसाला सहा-आठ आठवड्यांनी पडते. स्टोरी बघणाऱ्या मैत्रिणीने कदाचित मागच्याच आठवड्यात कट केलेला असेल. ‘आज-उद्या या आणि सवलत मिळवा’ असं लिहिलं तर त्या दिवशी योगायोगाने केस वाढलेलीच येणार. म्हणून ऑफरची मुदत किमान ४५ दिवसांची हवी, आणि स्टोरी गेल्यावरही ती मैत्रिणीकडे उरायला हवी. ते काम कोड करतो.

कोड ज्याच्या-त्याच्या नावाचा असावा. गिऱ्हाइकाचं नाव आणि वहीतला तिचा क्रमांक, उदाहरणार्थ `MEENA27`. ‘WELCOME200’ असा सगळ्यांना एकच कोड दिला की कोण कुणामुळे आलं ते कळत नाही. स्वतःचा कोड असला की मैत्रिणीला सांगता येतं : ‘माझं नाव सांग, तुला दोनशे कमी लागतील.’ बोलण्यात सहज बसणारं हे वाक्य पोस्टरवरच्या मोठ्या अक्षरांपेक्षा जास्त काम करतं.

आता कोड टिकवायचा कसा? त्यासाठी व्हॉट्सअ‍ॅपची तयार संदेशाची लिंक वापरता येते :

```
https://wa.me/91XXXXXXXXXX?text=MEENA27
```

X च्या जागी पार्लरचा नंबर. मैत्रिणीने लिंकवर बोट ठेवलं की पार्लरशी चॅट उघडतं आणि कोड आधीच टाइप झालेला असतो. तिने फक्त पाठवायचं. स्टोरी उतरली तरी तो संदेश दोघींच्या फोनमध्ये राहतो, आणि पार्लरकडून लगेच उत्तर जातं : ‘तुमची सवलत अमुक तारखेपर्यंत आहे, कधी येताय?’ इन्स्टाग्राम स्टोरीवर नुसती लिहिलेली लिंक उघडत नाही, तिथे लिंकचा स्टिकर लावावा लागतो. प्रत्येक गिऱ्हाईक ती खटपट करणार नाही हे धरूनच चालावं. म्हणून लिंक तिला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून ठेवायची. कुणी ‘कुठे केलंस’ विचारलं की ती तेवढी पुढे ढकलते.

दुसरा प्रश्न : सवलत कुणाला, किती आणि कशाबद्दल? इथेच सगळ्यात जास्त चुका होतात. ‘स्टोरी टाका, दहा टक्के सूट’ ही ऑफर दिसायला सोपी आहे, पण तिच्यात पैसे स्टोरीचे मोजले जातात, मैत्रिणीचे नाही. बाई स्टोरी टाकते, सूट घेते आणि स्टोरी काढूनही टाकते. शिवाय तिचं खातं प्रायव्हेट असेल किंवा तिने स्टेटसवर टाकलं असेल, तर ते लागलं की नाही हे पार्लरला दिसेलच असं नाही. मग काउंटरवर ‘दाखवा बघू’ सुरू होतं, आणि नुकतंच खूश झालेलं माणूस खट्टू होतं. बक्षीस मैत्रीण येऊन बिल भरल्यावरच मिळावं. मग स्टोरी टाकली की नाही हे तपासायची गरजच उरत नाही.

आणि बक्षीस दोघींना हवं. यामागे माणसाच्या मनाचं साधं कारण आहे. आपल्याला काहीतरी मिळावं म्हणून मैत्रिणीला पाठवणं संकोचाचं वाटतं. तिलाही काही मिळणार असेल तर तोच निरोप भेट होतो. गँगसोग ऱ्यू आणि लॉरेन्स फीक या संशोधकांनी २००७ साली रेफरल बक्षिसांवर केलेल्या अभ्यासातही हेच दिसलं : जवळच्या नात्यात बक्षिसाचा निदान काही भाग नव्या माणसाला मिळणं परिणामकारक ठरतं. स्टोरी बघणाऱ्यांत मैत्रिणी, नणंदा, ऑफिसमधल्या सहकारी असतात. म्हणून सवलतीची ठळक बाजू त्यांची ठेवावी.

आता हिशोब करू. विश्रामबागेतल्या पार्लरचं सरासरी बिल ८०० रुपये धरलं, तर त्यात प्रॉडक्ट आणि मुलीचा इन्सेंटिव्ह मिळून २४० जातात. भाडं, वीज, पगार यांसाठी ५६० उरतात. नव्या मैत्रिणीला पहिल्या बिलावर २०० कमी, अट किमान ६०० च्या कामाची, म्हणजे नुसत्या आयब्रोवर सवलत संपणार नाही. तिच्याकडून ६०० आले, २४० खर्च गेला, ३६० राहिले. जिने पाठवलं तिला रोख न देता एक हेअर स्पा द्यायचा. मेन्यू कार्डावर त्याची किंमत ७०० आहे, पार्लरला तो प्रॉडक्ट आणि इन्सेंटिव्ह धरून साधारण १९० ला पडतो. तिच्या दृष्टीने सातशेची वस्तू मिळाली, आणि पार्लरकडे शेवटी १७० उरले.

हे १७० चांगले की वाईट, हे वारावर ठरतं. बुधवारी दुपारी दीडला खुर्ची रिकामीच असते, तेव्हा ते १७० नवे आहेत. शनिवारी संध्याकाळी त्याच खुर्चीवर पूर्ण पैसे देणारी बाई बसली असती आणि ५६० उरले असते. म्हणून मैत्रिणीची सवलत आणि पहिलीचा स्पा, दोन्ही मंगळवार ते गुरुवार, बारा ते चार, हे ऑफरवरच स्पष्ट लिहिलेलं हवं. आपल्याकडे एक अडचण मात्र लक्षात घ्यायला हवी. बऱ्याच घरांत मंगळवारी आणि गुरुवारी केस कापत नाहीत, काहीजणी त्या दिवशी केसांवरून पाणीही घेत नाहीत. त्या दिवसांसाठी फेशियल, क्लीनअप, पेडिक्युअर असं काम सुचवता यायला हवं, नाहीतर तीन दिवसांची ऑफर प्रत्यक्षात फक्त बुधवारची होते.

इन्सेंटिव्ह मी मुद्दाम पूर्ण बिलावर धरला आहे. सवलतीनंतरच्या रकमेवर तो दिला तर कोड घेऊन आलेली बाई मुलींना नकोशी होते. तिचं काम उरकलं जातं, आणि ती पुन्हा येत नाही.

स्टोरीसाठी विचारायचं कधी? बाई आरशासमोर असताना. काउंटरवर पैसे देताना तिचं लक्ष बिलाकडे असतं, विनंती तेव्हा व्यवहारासारखी वाटते. तिच्याच फोनवर फोटो काढून द्यावा, कारण तिचा चेहरा तिच्या फोनमध्येच राहिलेला बरा. तो पार्लरच्या पानावर टाकायचा असेल तर वेगळी परवानगी घ्यावी. उजेड समोरून असावा, मागे टॉवेलचा ढीग नसावा. चेहरा दाखवायचा नसेल तर पाठमोरा फोटो काढावा, कटचा आकार आणि रंगाची चमक तिथूनच जास्त छान दिसते. फोटोच्या अगदी वरच्या आणि खालच्या पट्टीत काही लिहू नये, तो भाग अ‍ॅपच्या नावाखाली आणि उत्तराच्या चौकटीखाली झाकला जातो. तयार पोस्टर तर देऊच नये. मैत्रिणी तिला बघायला थांबतात, जाहिरात दिसली की पुढे सरकतात.

सगळ्याच कामांसाठी विचारायचं नसतं. कट, कलर, नेल्स, मेंदी, पार्टी मेकअप हे मिरवायचे प्रकार आहेत. वॅक्सिंग किंवा केसगळतीची ट्रीटमेंट करून गेलेल्या बाईला ‘स्टोरी टाका ना’ म्हणणं तिला अवघडून टाकणारं आहे.

स्टोरीत खरं काय ते असावं. भारतीय जाहिरात मानक परिषदेने २०२१ मध्ये समाजमाध्यमांवरच्या जाहिरातींसाठी नियम आणले. पैसे, वस्तू किंवा सवलत मिळत असेल तर बघणाऱ्याला ते कळलं पाहिजे, असा त्यांचा गाभा आहे. ते मुख्यतः इन्फ्लुएन्सरसाठी आहेत, पण आपल्या गिऱ्हाइकानेही ‘तू गेलीस की मला स्पा मिळतो’ हे उघड लिहावं. नंतर बाहेरून कळलं तर मैत्रिणीला फसवल्यासारखं वाटतं, आणि ते नातं पार्लरच्या दोनशे रुपयांहून मोठं आहे.

नोंद साध्या वहीत होते. पाच रकाने : कोड, नवीचा फोन, पहिली तारीख, बिल, दुसरी तारीख. फोन नंबर जुन्या नोंदींत सापडला तर ती नवी नाही, हे नम्रपणे सांगता येतं. एका कोडवर ४५ दिवसांत जास्तीत जास्त तीन मैत्रिणी, एवढी मर्यादा ठेवावी. एकाच कोडवर आठवड्यात दहा अनोळखी बायका आल्या तर तो एखाद्या मोठ्या ग्रुपमध्ये फिरला आहे आणि मैत्रीतून येणारा विश्वास त्यात उरलेला नाही.

सगळ्यात महत्त्वाचा रकाना शेवटचा. समजा महिन्यात नऊ जणी कोड घेऊन आल्या. नऊ गुणिले १७०, म्हणजे १५३० रुपये उरले, आणि त्यासाठी नऊ कामं अधिक नऊ स्पा, एकूण अठरा बैठका द्याव्या लागल्या. एवढ्यावर थांबलं तर मेहनत फुकट गेली. त्यातल्या चौघी दोन महिन्यांत पूर्ण पैसे देऊन परत आल्या तर एका फेरीतच २२४० उरतात, आणि पुढे प्रत्येक फेरीला तेवढेच. ओळखीतून आलेलं माणूस टिकतं याला आधार आहे. जर्मनीतल्या एका बँकेच्या सुमारे दहा हजार ग्राहकांचा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात रेफरलने आलेले ग्राहक सोडून जाण्याची शक्यता इतरांपेक्षा सुमारे १८ टक्के कमी निघाली. सलून म्हणजे बँक नव्हे, म्हणून स्वतःची वहीच बघायची. नऊपैकी एकही परतली नाही तर दोष ऑफरमध्ये नाही, कामात किंवा वागणुकीत आहे. कोडचे संदेश येतात पण बाई येत नाहीत, तर उत्तर उशिरा जातंय किंवा दिलेल्या वेळा नोकरदार बायकांना जमत नाहीत. स्टोऱ्या लागतात पण संदेशच नाहीत, तर फोटोसोबत कोडच गेलेला नाही.

ऑफर वर्षभर चालू ठेवू नये. कायम चालू असलेल्या सवलतीला नियमित बायका मूळ दर समजू लागतात. गौरी-गणपतीआधी पार्लर भरलेलंच असतं, पितृपक्षात ते ओस पडतं आणि नवरात्रापासून पुन्हा गर्दी होते. गौरीच्या दिवसांत नटूनथटून काढलेले फोटो सगळीकडे लागलेले असतात, कोड तेव्हाच वाटावेत. पितृपक्षात केस न कापणाऱ्यांना स्पा आणि फेशियल चालत असेल तर ते सुचवावं. दिवाळीच्या आठ दिवस आधी नवे कोड देणं थांबवावं, आणि ज्यांची मुदत त्या गर्दीत संपते त्यांना ती भाऊबीजेनंतर पंधरा दिवस वाढवल्याचा संदेश आपणहून पाठवावा.