फोटोखालची ओळ, फोटोमागचा आवाज

वर्षश्राद्धाला किंवा पहिल्या स्मृतिदिनाला नातवंडांनी केलेला फोटोंचा व्हिडिओ दाखवायची पद्धत आता बऱ्याच घरांत रुळली आहे. जुने अल्बम गोळा करणं, फोटो स्कॅन करणं, मागे बासरी लावणं हे मुलांना सहज जमतं. अडतं ते लिहिण्यापाशी. मग फोटोखाली ‘आमची प्रेमळ आजी’, ‘मायेचा सागर’ अशा ओळी येतात. त्या कुठल्याही घरातल्या आजीला लागू पडतात. समोर बसलेल्या तिच्या नणंदेला नि शेजारणीला त्यांतून ती भेटत नाही.

पुण्यातलं एक घर घेऊ. आजीचा जन्म १९३८चा, माहेर साताऱ्याचं, लग्न १९५८ साली. सासर नारायण पेठेत. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचं धरण फुटलं, नदीकाठच्या पेठांत पाणी शिरलं आणि ट्रंकेतले सगळे फोटो वाहून गेले. त्याआधीचा एकच फोटो नातवंडांच्या हाती आला : माहेरी राहिलेली लग्नाच्या ग्रुप फोटोची प्रत. पुढचे मात्र भरपूर, शंभराच्या वर.

त्या एकुलत्या फोटोखाली नातीने आधी लिहिलं, ‘आजी-आजोबांचं लग्न’. मुंडावळ्या दिसतच असताना ही ओळ वाया जाते. फोटो जे सांगू शकत नाही ते ओळीने सांगायचं : कुठे, कधी, कोण. बदललेली ओळ अशी झाली : ‘सातारा, १९५८. आजीच्या मागे तिचा धाकटा भाऊ. हा फोटो त्याने जपला.’ आता बघणाऱ्याची नजर पुन्हा वर जाते आणि मागे उभा असलेला तो हाफ पँटमधला मुलगा शोधते.

ओळ लांबवता येत नाही, कारण प्रेक्षक आधी चेहरे बघतो, मग खाली वाचतो. एका माणसाचा फोटो पाच-सहा सेकंद राहिला तर आठ-दहा शब्द वाचून होतात. ग्रुप फोटोला आठ-नऊ सेकंद द्यावे लागतात, आणि तरीही सगळ्यांची नावं लिहू नयेत. ज्यांची ओळख पटणार नाही अशा दोघा-तिघांचीच लिहावीत. आजीच्या पिढीत लग्नात नाव बदलायची रीत होती, हेही ध्यानात ठेवावं लागतं. साताऱ्याकडच्या माणसांना ती माहेरच्या नावानेच माहीत होती. शाळेच्या दाखल्यावर ते नाव मिळालं, आणि व्हिडिओच्या पहिल्या पाटीवर माहेरचं नि सासरचं अशी दोन्ही नावं आली.

साल हा वादाचा विषय. नव्वदच्या दशकातल्या फोटोंच्या कोपऱ्यात नारिंगी तारीख छापलेली असते, पण तिच्यावर डोळे झाकून विसंबू नये. कॅमेऱ्याची बॅटरी बदलली आणि तारीख पुन्हा लावायची राहिली की ती चुकीचीच छापली जाई. फोटोतली मुलं मोजणं अधिक भरवशाचं. धाकटी आत्या मांडीवर आहे आणि तिचा जन्म १९७३चा, म्हणजे फोटो साधारण १९७४चा. तेवढंच लिहावं, ‘१९७४च्या सुमारास’. नेमकी तारीख ठोकून दिली आणि ती चुकली, तर काकांचं लक्ष उरलेला व्हिडिओभर त्या चुकीवरच राहतं.

आता निवेदन. लग्नाआधीच्या वीस वर्षांचा एकही फोटो नाही, तिथे काय करायचं? इंटरनेटवरून जुन्या साताऱ्याचा एखादा रस्ता, परकर-पोलक्यातली कुणी मुलगी उचलून लावायचा मोह होतो. तसं करू नये. बघणाऱ्याला ती आजीच वाटते, आणि पुढच्या पिढीत तो फोटो आजीचा म्हणूनच फिरत राहतो. त्याऐवजी लग्नाच्या फोटोतला तिचा चेहराच सावकाश जवळ आणला आणि नातवाने म्हटलं :

‘याआधीचा आजीचा एकही फोटो आमच्याकडे नाही. पानशेतच्या पुरात सगळे गेले. ताईआजी सांगते, पाणी ओसरल्यावर आजीने चिखलातून आधी काय काढलं, तर शिवणाचं मशीन. धुऊन, तेल घालून तिने ते पुन्हा चालू केलं. आमची सगळ्यांची पहिली झबली त्याच मशीनवर शिवलेली.’

यानंतर पडद्यावर मशीन येतं. ते अजून घरात आहे. त्यावर तीन-चार सेकंद कुणीच काही बोलत नाही.

या पाच वाक्यांतलं ‘ताईआजी सांगते’ मला फार मोलाचं वाटतं. १९६१ साली नातवाचे वडीलही जन्मलेले नव्हते. आपण पाहिल्यासारखं त्याने सांगितलं असतं तर खोटं वाटलं असतं. आजोबांच्या बहिणीने ते डोळ्यांनी पाहिलं होतं, म्हणून तिचं नाव घ्यायचं. आपण पाहिलेलं आपल्या तोंडून, ऐकलेलं सांगणाऱ्याच्या नावाने. एवढं पाळलं की बहुतेक निवेदन आपोआप सरळ होतं.

भाषेचंही तसंच. मजकूर घरातल्या एखाद्या वडीलधाऱ्याने लिहून दिला की ‘त्या अत्यंत कष्टाळू व मनमिळाऊ होत्या’ अशी शोकसभा सुरू होते. नातू घरात आजीला ‘ए आजी’ म्हणत असेल, तर व्हिडिओतही ती ‘ती’च हवी. आजोबांना ‘अहो’ म्हणायची सवय असेल तर ते ‘ते’. लिहून झाल्यावर मजकूर मोठ्याने वाचावा. जिथे श्वास अडखळतो तिथे वाक्य तोडावं. सावकाश बोललं तर मिनिटाला साधारण शंभर शब्द होतात. दहा मिनिटांच्या व्हिडिओत निम्मा वेळ बोलणं पुरे, म्हणजे मजकूर पाचशे शब्दांचा. आवाजाखाली शब्द असलेलं गाणं ठेवू नये. दोन्हींतलं काहीच नीट ऐकू येत नाही.

परदेशात वाढलेल्या नातीला देवनागरी वाचताना त्रास होत असेल, तर तिच्या हातात कागद देऊच नये. ‘आजीने तुला काय शिकवलं?’ असा एक प्रश्न विचारावा आणि तिला येईल तशा मराठीत बोलू द्यावं. पंखा बंद करून, गाद्या-पडद्यांच्या खोलीत, फोनच्या रेकॉर्डरवर. ती फाइल व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवली तर आवाज आहे तसा पोचतो.

अक्षरांचा घोळ बहुतेक शेवटच्या दिवशी कळतो. डीटीपीवाल्याकडे जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर ॲपमध्ये चिकटवला की इंग्रजी अक्षरांचा गिचमिड पाला दिसतो. युनिकोडमध्ये टाइप केलं तरी काही ॲप जोडाक्षरं तोडतात, ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या पलीकडे जाऊन बसते. म्हणून ‘स्मृती’, ‘आत्या’, ‘विठ्ठल’ असे शब्द घालून दहा सेकंदांचा तुकडा आधी तयार करावा आणि हॉलच्याच प्रोजेक्टरवर बघावा. दिवे पूर्ण बंद होत नाहीत, त्यामुळे फोनवर छान दिसणारी पांढरी अक्षरं तिथे पुसट होतात. त्यांच्यामागे काळी पट्टी लागते. मराठीत मात्रा वर आणि उकार खाली येतात, तेव्हा दोन ओळींत जरा जास्त अंतर ठेवावं.

दाखवण्याच्या चार-पाच दिवस आधी व्हिडिओ ताईआजीला आणि माहेरच्या त्या भावाला दाखवला. दोघांनी मिळून तीन साली दुरुस्त केली. शिवाय तीस वर्षं घरी कामाला येणाऱ्या मावशींचा एकही फोटो घेतला नव्हता, हे ताईआजीच्याच लक्षात आलं. तो शोधून घातला.

या कामात जमलेली माहिती व्हिडिओतच अडकू देऊ नये. प्रत्येक फोटोला क्रमांक देऊन ओळी वेगळ्या फाइलमध्ये ठेवाव्यात. कागदी फोटोंच्या मागे मऊ पेन्सिलने नाव नि साल हलक्या हाताने लिहावं. बॉलपेन दाबून लिहिलं की खूण पुढच्या चेहऱ्यावर उमटते. ज्या गुळगुळीत रंगीत फोटोंवर पेन्सिल उठत नाही, ते पाकिटात घालून पाकिटावर लिहावं. आणि तेही फोटो आत ठेवायच्या आधी.