नाशिकचे 44 लाख

अनेक कंपन्यांत सोमवारी सकाळी विभागीय व्यवस्थापकांच्या मेलमध्ये विक्रीचा अहवाल येऊन पडलेला असतो. तो कुणी टाइप केलेला नसतो. रात्री बिलिंगमधली बिलं उचलली जातात, डीलरच्या यादीशी जोडली जातात, विभागवार बेरजा होतात आणि मेल सुटतो. चूक झालीच तर तीही त्याच वेगाने सगळ्यांकडे पोहोचते. मग विश्लेषकाला दुरुस्तीचा मेल लिहावा लागतो. हा मेल कसा असावा, ते खाद्यतेल विकणाऱ्या एका कल्पित कंपनीच्या उदाहरणावरून पाहू. आकडे समजुतीसाठी घेतले आहेत, चूक मात्र या कामात नेहमी भेटणारी आहे.

नाशिकची आधीच्या आठवड्याची विक्री 1.38 कोटी रुपये होती. नव्या अहवालात ती 1.86 कोटी दिसली, म्हणजे जवळपास 35 टक्के वाढ. सणवार नाही, भावात बदल नाही, गोदामातून गेलेला मालही नेहमीएवढाच. विश्लेषकाने बिलिंगमधली थेट बेरीज काढली तर ती 1.42 कोटी निघाली. फरक 44 लाखांचा.

शोध घेतल्यावर कारण डीलरच्या यादीत सापडलं. तीन डीलर एका रूटवरून दुसऱ्या रूटवर हलवले होते. नवी नोंद झाली, पण जुनी बंद करायची राहिली. त्यामुळे एकाच कोडच्या दोन ओळी झाल्या. बिल यादीशी जोडताना प्रत्येक बिलाला दोन जोड्या मिळाल्या आणि तीच रक्कम दोनदा मोजली गेली. या तिघांची आठवड्याची विक्री होती बरोबर 44 लाख. हा ताळा जुळला, तेव्हाच कारण पक्कं झालं. दुबार कोड शोधायला एवढी आज्ञा पुरते:

```
SELECT dealer_code, COUNT(*)
FROM dealer_master
GROUP BY dealer_code
HAVING COUNT(*) > 1;
```

इथे एक मोह होतो: अहवालातल्या सारख्या दिसणाऱ्या ओळी सरसकट गाळून टाकण्याचा. तो टाळायला हवा. एकाच बिलात पंधरा लिटरचे दहा डबे दोन वेगळ्या ओळींत खरोखरच विकलेले असू शकतात, आणि मग खरी विक्रीच गायब होते. दुरुस्ती यादीतच केली पाहिजे.

आता मेल. तो असा लिहिता येईल:

विषय: दुरुस्ती – नाशिकची गेल्या आठवड्याची विक्री 1.86 नव्हे, 1.42 कोटी

सर्वांना नमस्कार,

सोमवारच्या अहवालात नाशिकची विक्री 44 लाखांनी जास्त दाखवली गेली. खरी विक्री 1.42 कोटी रुपये असून वाढ सुमारे 3 टक्के आहे. पुणे, कोल्हापूर आणि नागपूरचे आकडे बरोबर आहेत. कंपनीची एकूण बेरीज मात्र 44 लाखांनी कमी होईल. तीन डीलरांची नोंद यादीत दोनदा राहिल्याने त्यांची बिलं दुप्पट मोजली गेली. ही नोंद गेल्या मंगळवारची आहे, त्याआधीच्या अहवालांवर तिचा परिणाम नाही. जुन्या आकड्यावरून नाशिकला जादा माल पाठवायचं किंवा इन्सेंटिव्ह द्यायचं ठरलं असेल, तर कृपया आज संध्याकाळपर्यंत कळवा. सुधारित अहवाल सोबत आहे. यापुढे बिलिंगची आणि अहवालाची बेरीज जुळली नाही, तर अहवाल पाठवला जाणार नाही.

या मेलमध्ये माफीचे परिच्छेद नाहीत, कुणा कर्मचाऱ्याकडे बोटही नाही. खरा आणि चुकीचा आकडा विषयातच आहे, कारण व्यवस्थापक मेल बहुधा दुकानाच्या दारात, फोनवर वाचतो. बाकीचे तीन विभाग ठीक आहेत हे स्पष्ट सांगणं मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. ते वाक्य नसेल तर कोल्हापूरचा व्यवस्थापकही आपल्या आकड्यावर संशय घेतो आणि अख्खा अहवालच बाद ठरतो. जुनी फाइल गुपचूप बदलणं तर सर्वांत वाईट. दोघांच्या हाती दोन आकडे राहतात आणि बैठक त्याच भांडणात संपते.

सरकारी आकडेवारीतही हे घडलं आहे. जानेवारी 2012 साठी देशाच्या औद्योगिक उत्पादनाची वाढ आधी 6.8 टक्के जाहीर झाली, आणि एप्रिलमध्ये ती 1.1 टक्क्यांवर आणावी लागली. साखरेच्या उत्पादनाचा आकडा चुकीचा आला होता. कारण नेमकं सांगितलं गेल्यामुळे चूक कुठल्या घटकात होती, हे वाचणाऱ्याला कळलं.

पाठवणाऱ्याचं काम मेलबरोबर संपत नाही, तसं मिळालेल्याचंही वाचून संपत नाही. 1.86 कोटींचा आकडा तोवर व्हॉट्सअ‍ॅप गटांत आणि मासिक सादरीकरणात पोहोचलेला असतो. तुम्ही तो पुढे पाठवला असेल, तर दुरुस्तीही त्याच ठिकाणी, त्याच माणसांना, त्याच दिवशी पाठवा.